वडिलांच्या निधनानंतर मोडलेली एफडी: बँकेने कापलेला मुदतपूर्व दंड परत कसा मागावा?

मुळाकाठी | १० जून २०२४

आईच्या वतीने विचारते आहे. वडिलांची ₹६,००,००० ची एफडी होती, एकट्याच्या नावावर, नॉमिनी आई. १५ मे २०२३ ला तीन वर्षांसाठी ठेवलेली, ज्येष्ठ नागरिक दर ७.५०%, व्याज मुदतीअखेर, म्हणजे दर तिमाहीला मुदलात मिळणारं. फेब्रुवारी २०२४ मध्ये वडील गेले. आईने कोथरूडच्या शाखेत क्लेमचे कागद दिले आणि १५ मे २०२४ ला एफडी बंद होऊन पैसे तिच्या बचत खात्यात आले. आले ₹६,३८,७०२.

७.५०% ने एका वर्षाचं व्याज ₹४६,२८२ होतं, मिळालं ₹३८,७०२. ₹७,५८० कमी. टीडीएसची ओळ शून्य आहे. शाखेत विचारलं तर "मुदतीआधी मोडली की दंड लागतोच, सिस्टीम आपोआप लावते" एवढंच सांगितलं. क्लोजर अॅडव्हाइसवर दराच्या जागी फक्त ६.३०% छापलंय, दंडाचा उल्लेख कुठेच नाही. हा दंड बरोबर आहे का? नसेल तर परत कसा मागायचा?

---

पेठकर | १० जून

दंड कायदेशीर आहे. मुदतपूर्व बंद केली की १% कापायचा अधिकार रिझर्व्ह बँकेनेच बँकांना दिलाय. आईंनी पावतीमागे सही केली असेल तर त्यांनी तो मान्यही केला असं धरतात. तरी तक्रार करायचीच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे थेट ऑनलाइन टाका, शाखेत हेलपाटे घालू नका.

---

जुना दप्तरी | १० जून

पेठकर, पहिलं वाक्य अर्धं बरोबर आहे, पण या प्रकरणाला ते लागू होत नाही. दंडाचा दर ठरवायची मोकळीक बँकेला आहे, आणि तो ठेव घेतानाच ठेवीदाराला सांगायचं बंधनही आहे. पण ठेवीदाराच्या मृत्यूनंतरची मुदतपूर्व समाप्ती वेगळी धरली जाते. रिझर्व्ह बँकेचं ९ जून २००५ चं परिपत्रक आहे, मृत ठेवीदारांच्या क्लेमची पद्धत सोपी करण्याबद्दलचं. त्यात म्हटलंय की ठेवीदाराचा मृत्यू झाल्यास मुदतपूर्व समाप्तीला परवानगी देणारं कलम खातं उघडण्याच्या फॉर्ममध्येच घालावं, आणि अशा समाप्तीवर दंड आकारला जाणार नाही. ग्राहक सेवेवरच्या १ जुलै २०१५ च्या मास्टर सर्क्युलरमध्येही हे आहे. बहुतेक बँकांनी ते आपल्या ठेव धोरणात घेतलेलं असतं. तुमच्या बँकेचं धोरण तिच्या संकेतस्थळावर मिळेल. "मृत ठेवीदार" हा भाग उघडून ते वाक्य शोधा आणि त्या पानाची छापील प्रत काढा. शाखेत परिपत्रकापेक्षा बँकेचं स्वतःचं धोरण जास्त लवकर काम करतं.

आता रकमेकडे या, कारण इथेच बहुतेकांची तक्रार फसते. मुळाकाठीताई, ₹७,५८० मागू नका. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्यात.

ठेव तीन वर्षांची होती, पण बँकेकडे राहिली एकच वर्ष. त्यामुळे तीन वर्षांचा ७.५०% दर मिळत नाही. १५ मे २०२३ च्या दरपत्रकात एक वर्षासाठी ज्येष्ठांना जो दर होता तो मिळतो. हा दंड नव्हे, आणि मृत्यूच्या प्रकरणातही तो लागतो. दंड म्हणजे त्या दरातून आणखी कापलेला १%. तेव्हा ठेव ठेवली त्या दिवशीचं दरपत्रक आधी मिळवा. बंद केल्या दिवशीचं नको.

---

मुळाकाठी | ११ जून

संकेतस्थळावर जुनी दरपत्रकं मिळाली. १५ मे २०२३ ला "१ वर्ष ते १५ महिन्यांपेक्षा कमी" या गटात सर्वसाधारण दर ६.८०% आणि ज्येष्ठांना ७.३०% होता. ठेव धोरणातही ते वाक्य आहे: ठेवीदाराच्या मृत्यूमुळे वारस किंवा नॉमिनीने ठेव मुदतीआधी बंद केल्यास दंड नाही.

---

जुना दप्तरी | ११ जून

मग चित्र स्पष्ट झालं. छापलेला दर ६.३०, म्हणजे ७.३० वजा १. इथे नक्की दंडच लागलाय. हाच दर ६.८० असता तर दंड नसून ज्येष्ठांचा अर्धा टक्का गळलाय असं म्हणावं लागलं असतं, आणि तक्रार वेगळी झाली असती. अॅडव्हाइसवर दंडाची ओळ नसली तरी असं दरावरून उलटं जाऊन कळतं.

व्याज तिमाही चक्रवाढ आहे आणि बरोबर चार तिमाह्या झाल्यात, त्यामुळे हिशोब सोपा आहे. स्प्रेडशीटमध्ये हे टाका:

```
=600000*((1+7.3/400)^4-1)
=600000*((1+6.3/400)^4-1)
```

पहिल्याचं उत्तर ₹४५,०१४ येतं, दुसऱ्याचं ₹३८,७०२. दुसरा आकडा तुमच्या अॅडव्हाइसशी जुळतो, म्हणजे बँकेने नेमकं काय केलं ते सिद्ध झालं. तुमची मागणी ₹४५,०१४ वजा ₹३८,७०२, म्हणजे ₹६,३१२. उरलेले ₹१,२६८ हा तीन वर्षांच्या आणि एका वर्षाच्या दरातला फरक आहे, तो बँकेने बरोबर कापलाय. पत्रात ₹७,५८० लिहिलंत तर शाखा त्या ₹१,२६८ वर बोट ठेवून अख्खं पत्र "नियमानुसार" म्हणून निकाली काढेल. ₹६,३१२ लिहिलंत तर नाकारायला जागा राहत नाही.

एक बघा: ठेव वर्षाला एक दिवस जरी कमी पडली असती तर खालच्या गटाचा दर लागला असता. तुमच्या बाबतीत १५ मे ते १५ मे असं वर्ष पूर्ण आहे, पण अॅडव्हाइसवरची बंद केल्याची तारीख १४ मे तर नाही ना, ते तपासून घ्या.

---

औंधकर विद्या | ११ जून

माझंही असंच आहे. पतसंस्थेत ठेव होती, मी ती मुलीच्या प्रवेशासाठी मोडली, दोन टक्के कापले. हेच परिपत्रक दाखवू का? आणि लोकपालाकडे तक्रार करता येईल का?

---

जुना दप्तरी | ११ जून

नाही, विद्याताई. तुमची ठेव तुम्ही स्वतः मोडलीत, तिथे हा मृत्यूचा मुद्दा येत नाही. आणि पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली नसते, ती सहकार खात्याच्या निबंधकाकडे नोंदलेली असते, त्यामुळे बँकिंग लोकपालही नाही. पावतीवर किंवा संस्थेच्या ठेव नियमांत दोन टक्के लिहिलेत का ते आधी बघा. लिहिलेले नसतील तर संस्थेला लेखी अर्ज करा आणि उत्तर आलं नाही तर निबंधक कार्यालयात जा. नागरी सहकारी बँक असती तर गोष्ट वेगळी होती. ₹५० कोटी किंवा त्याहून जास्त ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँका लोकपालाच्या कक्षेत येतात.

---

पेठकर | ११ जून

मृत्यूच्या बाबतीत दंड नाही हे माहीत नव्हतं, ठीक. पण मग सिस्टीमने का लावला? आणि आईंच्या सहीचं काय?

---

जुना दप्तरी | १२ जून

सिस्टीम आपणहून काही ठरवत नाही. ठेव बंद करताना क्लार्क कारण निवडतो. "ग्राहकाच्या विनंतीवरून मुदतपूर्व" असं निवडलं की दंड आपोआप बसतो. मृत्यूचं कारण वेगळं असतं आणि ते निवडायला ग्राहकाच्या मूळ नोंदीत मृत्यूची तारीख आधी टाकलेली असावी लागते. क्लेमचे कागद एका टेबलावर मंजूर होतात आणि ठेव दुसऱ्या टेबलावर मोडली जाते. मधली ती नोंद राहिली की हे असं होतं.

दुसरा प्रकार याहून घातक आहे. काही शाखा आधी ठेव नॉमिनीच्या नावावर फिरवतात आणि मग ती मोडतात. असं झालं की सिस्टीमच्या दृष्टीने जिवंत ठेवीदाराने स्वतःची ठेव मोडली. ताई, अॅडव्हाइसवर ठेवीदार म्हणून वडिलांचं नाव आहे की आईंचं?

सहीचं म्हणाल तर, पावतीमागे "मुदतीपूर्वी रक्कम द्यावी" एवढंच लिहिलेलं असतं. त्याने दंड मान्य केला असं होत नाही. परिपत्रकात जी सूट दिलीय ती मुदतपूर्व समाप्तीलाच आहे, त्यामुळे मुदतीआधी मागितली हे कारणच सूट नाकारायला वापरता येत नाही. मात्र त्या कागदावर मृत्यूचा उल्लेख नसेल तर शाखा त्याच्याकडे बोट दाखवते, म्हणून सोबत क्लेम फॉर्मची शिक्का असलेली प्रत हवी.

---

मुळाकाठी | १२ जून

नाव वडिलांचंच आहे, तारीख १५ मे आहे. क्लेम फॉर्मची पोच आमच्याकडे आहे, तारखेसकट. पत्र कसं लिहावं? मराठीत चालेल का?

---

जुना दप्तरी | १२ जून

शाखेसाठी मराठीत जरूर लिहा. पण मंजुरी प्रादेशिक कार्यालयातून किंवा दुसऱ्या राज्यातल्या प्रक्रिया केंद्रातून येते, म्हणून विषयाची ओळ, खाते क्रमांक, तारखा आणि रकमेचा हिशोब इंग्रजीतही द्या. पत्र एका पानाच्या पुढे जाऊ देऊ नका. आईंची सही हवी, कारण दावेदार त्या आहेत. मजकूर असा ठेवा:

*"माझे पती दिवंगत …… यांची मुदत ठेव क्र. …… (रक्कम ₹६,००,०००, दि. १५/०५/२०२३) त्यांच्या निधनामुळे नॉमिनी या नात्याने मी दि. १५/०५/२०२४ रोजी बंद केली. निधनाचा दाखला व क्लेम फॉर्म शाखेने दि. …… रोजी स्वीकारला आहे. बँकेच्या ठेव धोरणातील परिच्छेद …… नुसार ठेवीदाराच्या मृत्यूमुळे होणाऱ्या मुदतपूर्व समाप्तीवर दंड नाही. तरीही एक वर्षासाठी लागू असलेल्या ७.३०% ऐवजी ६.३०% दराने व्याज दिले गेले. देय व्याज ₹४५,०१४, दिलेले व्याज ₹३८,७०२. फरकाचे ₹६,३१२ माझ्या बचत खाते क्र. …… मध्ये जमा करावेत व दि. १५/०५/२०२४ पासूनचे बचत दराने व्याज द्यावे. विनंती अमान्य केल्यास कारण लेखी कळवावे."*

जोडायचे कागद: क्लोजर अॅडव्हाइस, ठेव पावतीची प्रत, निधनाचा दाखला, क्लेम फॉर्मची पोच, १५ मे २०२३ च्या दरपत्रकाचं पान, ठेव धोरणाचं पान. शेवटच्या दोन पानांवर नेमकी ओळ अधोरेखित करा. दोन प्रती न्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. त्याच दिवशी बँकेच्या तक्रार पोर्टलवरही नोंदवा आणि तक्रार क्रमांक त्या प्रतीवर लिहून ठेवा. शिक्क्याचं पत्र आणि क्रमांक, दोन्ही लागतात. नुसतं तोंडी बोलणं पुढे कुठेच धरत नाहीत.

शाखेत एक वाक्य ऐकू येईल: "खातं बंद झालंय, आता सिस्टीममध्ये उलटवता येत नाही." ते खरं आहे. बंद ठेव पुन्हा उघडत नाहीत. पण त्याची गरजच नाही. फरकाची रक्कम बँकेच्या व्याज खर्च खात्यातून व्हाउचरने बचत खात्यात जमा करता येते, त्याला वरची मंजुरी लागते इतकंच. "ठेव उघडू नका, फरक व्हाउचरने द्या" असं स्पष्ट म्हणा.

बचत दराचं व्याज मागा, पण त्याच्यासाठी अडून बसू नका. काही रुपयांसाठी ₹६,३१२ लांबतील.

---

ताळेबंद | १३ जून

कराचं थोडक्यात. फरक जमा होईल तो व्याज म्हणूनच, त्यामुळे बँक त्यावर १०% म्हणजे ₹६३१ टीडीएस कापू शकते. तसं झालं तर ₹५,६८१ जमा दिसतील. म्हणजे बँकेने परत कमी दिले असं समजू नका. मात्र तो टीडीएस कोणाच्या पॅनवर गेला ते 26AS या करकपातीच्या पत्रकात बघा. टीडीएस कापू नये म्हणून वडिलांनी १५एच फॉर्म दिलेला असला तरी तो निधनानंतरच्या व्याजाला चालत नाही, आणि निधनापर्यंतचं व्याज वडिलांच्या विवरणपत्रात, पुढचं वारसाच्या, अशी विभागणी करावी लागते. दोन्ही पॅनची 26AS एकदा उघडाच.

---

पेठकर | १३ जून

मी म्हटलेलं थेट लोकपालाकडे जायचं, ते तरी बरोबर का?

---

जुना दप्तरी | १३ जून

नाही, तिथेही आधी बँक. बँकेकडे लेखी तक्रार न करता गेलात तर २०२१ च्या एकात्मिक लोकपाल योजनेत तक्रार दाखलच होत नाही. बँकेने नाकारलं, उत्तर समाधानकारक नसलं किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर cms.rbi.org.in वर जायचं. उत्तर आल्यापासून एक वर्षाची मुदत आहे. तक्रार आईंच्या नावाने, मुलीला प्रतिनिधी नेमता येतं; वकील मात्र चालत नाही. फी नाही. मोठ्या बँकांत तक्रार पूर्ण किंवा अंशतः नाकारण्याआधी ती बँकेच्या अंतर्गत लोकपालापुढे ठेवावी लागते, म्हणून नकार आल्यास "अंतर्गत लोकपालाने पाहिली का" हे उत्तरात शोधा.

पोर्टलवर लांब हकीकत लिहायची गरज नाही. वरच्या पत्राचा मजकूर, शिक्क्याची प्रत आणि तीन आकडे पुरतात: देय, दिलेले, फरक. मानसिक त्रासाची मोठी रक्कम त्यात घातली की साधी हिशोबाची चूक वादाचा विषय बनते.

---

राजगडवारी | १४ जून

आमची ठेव आईबाबा दोघांच्या नावाने होती, "दोघांपैकी कोणीही किंवा हयात". बाबा गेले, आईने मोडली, १% कापला. हेच लागू होतं ना?

---

जुना दप्तरी | १४ जून

इथे मी ठाम सांगणार नाही. संयुक्त ठेवीत एक ठेवीदार हयात आहे, आणि बँका दोन तऱ्हेने वागतात. काहींच्या धोरणात "एका ठेवीदाराच्या मृत्यूनंतर हयात ठेवीदाराने बंद केल्यास" दंड नाही असं लिहिलेलं असतं, काही गप्प असतात आणि दंड लावतात. शिवाय हयात ठेवीदाराला मुदतीआधी एकट्याने रक्कम मिळावी असा दोघांच्या सहीचा आदेश आधी दिलेला आहे का, हाही प्रश्न असतो. ठेव उघडतानाचा फॉर्म आणि धोरणातलं ते वाक्य, दोन्ही वाचल्याशिवाय मागणी कशी लिहायची ते ठरत नाही.

---

ताळेबंद | १४ जून

माझं मत थोडं वेगळं. परिपत्रकात "ठेवीदाराचा मृत्यू" एवढंच आहे, एकमेव ठेवीदार असं नाही. धोरण गप्प असेल तर शंकेचा फायदा ग्राहकाला मागायला हरकत नाही. नाकारतील, पण लेखी नाकारू देत.

---

मुळाकाठी | ८ जुलै २०२४

अपडेट देते. शाखेने पत्र आधी "मुख्यालयाचा विषय आहे" म्हणून घ्यायलाच नकार दिला. पोर्टलवरचा तक्रार क्रमांक दाखवल्यावर शिक्का मिळाला. आज आईच्या खात्यात ₹५,६८१ आलेत, ₹६३१ टीडीएस. बचत दराचं व्याज दिलेलं नाही. सोबतच्या ईमेलमध्ये "विशेष बाब म्हणून सवलत" असं लिहिलंय, चूक झाली असं नाही. हे असंच राहू द्यावं का? वडिलांची आणखी एक एफडी त्याच शाखेत आहे, ₹३,००,००० ची, तीही मोडायची आहे.

---

जुना दप्तरी | ८ जुलै

रक्कम पूर्ण आली. व्याजासाठी ताणू नका. पण "विशेष बाब" हे शब्द दुसऱ्या ठेवीमुळे खटकतात. उद्या तेच म्हणतील की सवलत एकदाच होती. ईमेलला दोन ओळींचं उत्तर द्या: रक्कम मिळाली, आणि ती ठेव धोरणातील परिच्छेद …… नुसार देय होती अशी आमची समजूत आहे. वाद घालू नका, फक्त नोंद राहू द्या.

दुसऱ्या ठेवीसाठी पावतीमागे सही करण्याआधी स्वतःच्या हाताने लिहा: "ठेवीदाराच्या निधनामुळे नॉमिनी म्हणून बंद करीत आहे, दंड आकारू नये." ग्राहक नोंदीत मृत्यूची तारीख टाकली आहे का ते काउंटरवर विचारा. ठेव आधी आईंच्या नावावर फिरवू देऊ नका. बंद करण्याआधी अधिकाऱ्याला दर पडद्यावर दाखवायला सांगा. त्या दिवसापर्यंतच्या मुदतीचा ठेव ठेवल्या दिवशीचा ज्येष्ठ दर दिसला तरच पुढे जा. एक टक्का कमी दिसला तर तिथेच थांबवा. बंद होण्याआधी दुरुस्त करणं एका क्लिकचं काम असतं, नंतर व्हाउचर आणि मंजुरी लागते.

---

राजगडवारी | ९ जुलै

आमच्या बँकेच्या धोरणात संयुक्त ठेवीबद्दल काहीच नाही. ताळेबंद म्हणतात तसं परिपत्रकाच्या आधाराने पत्र आज दिलंय, शिक्क्यासकट. दोघांच्या सहीचा आदेश फॉर्मवर आहे की नाही ते शाखा अजून सांगत नाही, फॉर्मची प्रतही देत नाही. प्रत मागण्यासाठी वेगळा अर्ज करावा की याच तक्रारीत जोडावं?

---

जुना दप्तरी | ९ जुलै

वेगळा अर्ज. एकत्र केलंत तर एकाचं उत्तर देऊन दोन्ही बंद करतील.